नाव जुळत नाही

शिष्यवृत्तीच्या खिडकीपाशी उभं राहून माणूस कंटाळत नाही, झिजतो. नागोराव सानप दिवाळीपासून झिजत होते. नर्सिंग कॉलेजच्या खिडकीला जाळी होती, जाळीला हात जाईल एवढं भोक होतं आणि भोकापलीकडे शिंगाडे नावाचा क्लार्क होता. तो वाईट माणूस नव्हता. पण सकाळपासून तीच तीच उत्तरं देऊन त्याचा आवाज मेला होता.

"नाव?" शिंगाडेनं मान वर न करता विचारलं.

नागोरावांनी भोकातून कागद आत सरकवला.

"नाव विचारलं मी, काका."

"त्याच्यावर लिहिलंय."

"अर्ज कुणाचा आहे?"

"सुनेचा."

शिंगाडेनं कागद ओढून घेतला, नंबर पाहून कॉम्प्युटरवर टाकला. पोर्टलवरचं ते चक्र फिरत राहिलं. नागोराव एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. गाडी बंद पडली की झाकण उघडायचं, हात घालायचा, काय तुटलंय ते हाताला लागतं, असं त्यांचं सगळं आयुष्य गेलेलं. या चक्राला झाकण नव्हतं. ते फिरायचं तेवढं फिरायचं आणि मग नाही म्हणायचं.

"परत पाठवलाय," शिंगाडे म्हणाला. "नाव जुळत नाही. आधारवर स्वरा बालाजी सानप. बारावीची मार्कलिस्ट, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, सगळं कांचन उद्धव केंद्रे. मला कसं कळावं ही एकच बाई आहे म्हणून?"

"एकच आहे. मी सांगतो की."

"तुम्ही सांगून पोर्टल ऐकतं का?"

नाव का जुळत नाही हे पोर्टलला ठाऊक नसलं तरी त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांच्या बायकोचं नावही कांचन. बालाजीसाठी केंद्र्यांची मुलगी पाहिली, पसंत पडली, सुपारी फुटली आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की सासूसून एकाच नावाच्या. आता नागोराव जुन्या वळणाचे. त्यांनी बायकोला आजतागायत नावानं हाक मारलेली नव्हती. त्यांच्या लग्नात घास भरवताना उखाण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी आख्खी जिलबी तोंडात कोंबली होती आणि पंगत हसून हसून पडली होती. पुढं ती 'अगं' झाली, मग 'बालाजीची आई' झाली आणि तिथंच राहिली. ज्या नावानं बायकोला कधी हाक मारली नाही, त्याच नावानं सुनेला दिवसातून दहादा कसं बोलवायचं? बोहल्यावरच तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव काढलं, स्वरा. नाव बालाजीनं निवडलं होतं. गावात कुणालाच ते धड घेता येत नव्हतं. शेजारच्या म्हातारीनं तिचं सोरा करून टाकलं.

तिथंवर ठीक होतं. पण बालाजी मोबाईलच्या दुकानात बसायचा आणि त्याला कागदाची भारी हौस. लग्नानंतर महिन्याभरात त्यानं सरपंचाचा दाखला जोडून बायकोच्या आधारवरचं नाव बदलून आणलं. तेव्हा तेवढ्यावर बदलत होतं. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं.

"मग लग्नाचा दाखला जोडतो," नागोराव म्हणाले.

"लग्नाच्या दाखल्यानं आडनाव बदललेलं कळतं. कांचनची स्वरा कशी झाली ते त्यात नसतं. त्याला राजपत्र लागतं, गॅझेट." शिंगाडेनं चष्मा काढून डोळे चोळले. "आणि माझं ऐका काका. शाळेपासूनचे सगळे कागद एका नावाचे आहेत, एकटं आधार दुसऱ्या नावाचं. उद्या ही पोरगी नर्स झाली, कौन्सिलला नोंदणी करायला गेली, नोकरीला गेली, तिथं कांचनच लागणार. जन्मभर राजपत्राची झेरॉक्स घेऊन फिरायचं, का एकदाच आधार मूळ नावावर आणायचं, तुमचं तुम्ही ठरवा. राजपत्र दोन्हीला लागेल."

मागच्या पोरींनी पुढं ढकललं. नागोराव बाजूला झाले.

घरी हा विषय निघाला तेव्हा भाकरी थापल्या जात होत्या. बालाजीनं ताटावरून मान वर केली.

"म्हणजे परत बापाचं नाव लावायचं? राहायचं आपल्यात, खायचं आपलं अन् नाव केंद्रेचं?"

"कागदावर रे," नागोराव म्हणाले.

"कागदावर म्हणजे कुठं वेगळं असतं का? लोक काय म्हणतील, नांदवली नाही म्हणतील." तो हात धुवायला उठला आणि जाता जाता बोलून गेला, "हे बघा बापू, मी अगोदरच सांगितलं होतं. सरकार फी देत असलं तर शिकू द्या. आपल्या खिशातून भरायची ऐपत नाही. शेवटच्या तारखेपर्यंत कॉलेजनं अर्ज मंजूर केला तर ठीक, नाही तर बास. घरी काय कमी काम आहे?"

सून चुलीपाशी होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. ती पहाटेच्या गाडीनं कॉलेजला जायची, वॉर्डात पेशंटची अंथरुणं बदलायची आणि संध्याकाळी येऊन घरची अंथरुणं घालायची. पोरगी हुशार. लग्न ठरवताना तिच्या बापानं एकच मागितलं होतं. हुंडा देतो म्हणाला नव्हता आणि नागोरावांनी मागितलाही नव्हता. "पोरीला शिकू द्या," एवढंच तो म्हणाला होता. नागोरावांनी त्याच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं होतं. तो शब्द आता त्यांच्या मानेवर बसला होता.

"मामा," सून हळूच म्हणाली, "नसंल होत तर राहू द्या. तुमची दगदग लई व्हायलीय."

"गप. मी काही म्हणलो का?"

बायको तेवढ्यात म्हणाली, "घ्या की तिला तिचं नाव परत. माझं नाव काय वापरून झिजतंय का? इथं कुणी वापरतंय तरी कुठं."

नागोरावांनी ते ऐकलं न ऐकलंसं केलं. बायकोचं बोलणं असं असायचं. सुई टोचून झाल्यावर कळायचं.

राजपत्राचा अर्ज ऑनलाइन केला. जुनं नाव स्वरा, नवं नाव कांचन. सेतू केंद्रातला माणूस हसला. "उलटं लिहिलं का काका? लोक लग्नानंतर नवं नाव घेतात." नागोरावांनी त्याला सांगितलं की सरळ काय अन् उलटं काय हे मलाच कळेनासं झालंय, तू फक्त टाक. मग आठवडे गेले. एका गुरुवारी राजपत्र निघालं, त्यात हजार नावांच्या गर्दीत आपलं नाव शोधताना त्यांची मान आखडली. ते घेऊन आधार केंद्र. तिथं रांग, मशीन बंद, मशीन चालू, सुनेचे ठसे उमटेनात. वॉर्डात दिवसभर साबणानं हात धुऊन तिच्या बोटांच्या रेषाच पुसट झालेल्या. केंद्रातली पोरगी म्हणाली, खोबरेल लावून या. खोबरेल लावून गेले, मग उमटले. पुन्हा वाट. एकदाचं आधार आलं. कांचन उद्धव केंद्रे.

नागोरावांना वाटलं, आता गाडी सुटली.

गाडी सुटली नव्हती. शिंगाडेनं पोर्टलवर नाव ताजं करून दिलं, ते जुळलं, आणि खाली दुसरीच ओळ तांबडी झाली.

"बँक," तो म्हणाला.

"बँकेचं काय? तिचं शाळेतलं खातं आहे की. त्याच नावाचं. पासबुक जोडलंय."

"पासबुक जोडून उपयोग नाही. पैसा पासबुकावरच्या नंबराला जात नाही काका, आधारला जातो. आधार ज्या बँकेला शेवटी जोडलंय तिथं. हिचं आधार जोडलंय..." तो स्क्रीनवर वाकला. "मोबाईल कंपनीच्या बँकेला. हे खातं कुणी उघडलं?"

कुणी उघडलं हे नागोरावांच्या लगेच ध्यानात आलं. बालाजीच्या दुकानात सिमकार्डाबरोबर खाती उघडायचं टार्गेट असायचं. त्यानं एका महिन्यात घरातल्या सगळ्यांचे अंगठे घेतले होते. नागोरावांचंही एक खातं असं कुठंतरी होतं. त्यात एक रुपया होता म्हणे.

संध्याकाळी त्यांनी लेकाला धरलं.

"अरे, तू तिचं खातं उघडलं ते तिला सांगितलं का?"

"टार्गेट होतं बापू. एक कमी पडत होतं."

"तर बायकोला मोजलं?"

"काय बिघडलं त्यात? पैसे आले तर आपल्याच घरात येतील ना."

"तिच्या नावाचे पैसे तुझ्या मोबाईलवर येतील. लई शहाणा आहेस," नागोराव म्हणाले.

मग बँक. शाळेतलं खातं वापर नसल्यानं झोपलेलं. ते जागं करायला पुन्हा आधार, पॅन, फोटो. काउंटरवरच्या साहेबानं सगळं घेतलं, कीबोर्ड बडवला आणि म्हणाला, "झालं. आधार लिंक आहे."

नागोराव शिंगाडेकडे गेले. "लिंक आहे म्हणतात."

"पोर्टलवर नाही."

परत बँकेत. "पोर्टलवर नाही म्हणतात."

"आमच्याकडे आहे. हे बघा, टिक आहे."

दोन्हीकडची माणसं खरं बोलत होती, हाच तर ताप होता. खात्याला आधार नोंदवणं वेगळं आणि सरकारी पैसा त्या खात्यात यावा म्हणून आधार जोडणं वेगळं. त्या दुसऱ्यासाठी वेगळा संमतीचा अर्ज भरून द्यावा लागतो, त्यात जुन्या बँकेचं नाव लिहून तिथून काढून इथं जोडा म्हणावं लागतं. हे साहेबाला माहीत होतं, पण कुणी विचारलं नव्हतं. शिंगाडेलाही माहीत होतं, त्याला वाटलं बँकेनं सांगितलं असेल. नागोराव मधल्या रस्त्यावर चपला झिजवत राहिले. शेवटी बँकेच्या पट्टेवाल्यानंच त्यांना एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे नेऊन बसवलं. त्याला रोजच्या येण्याजाण्यानं त्यांची दया आली होती.

तो अर्ज देतानाही साहेबानं विचारलं, "खातेदाराचं नाव?" आणि नागोरावांनी सवयीनं कागद पुढं सरकवला. आतापर्यंत या सगळ्या फेऱ्यांत त्यांनी ते नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. सेतूत नाही, आधार केंद्रात नाही, बँकेत नाही. प्रत्येक ठिकाणी कागद होता. कागद बोलायचा.

शेवटच्या तारखेच्या दिवशी ते सकाळीच निघाले. बायकोला डोळ्याच्या दवाखान्यात दाखवायचं होतं, म्हणून तीही बरोबर. दवाखान्यात तिच्या डोळ्यांत थेंब टाकले, बाहुल्या मोठ्या झाल्या, सगळं धुरकट दिसू लागलं. तिचा हात धरून त्यांनी रस्ता ओलांडला आणि कॉलेजात खिडकीसमोरच्या बाकावर तिला बसवलं.

"हलू नको इथून."

"दिसतंय कुठं मला हलायला," ती म्हणाली आणि पदर कपाळावर ओढून बसली.

खिडकीपाशी आज गर्दी नव्हती. शिंगाडेनं नागोरावांना पाहिलं आणि पहिल्यांदाच हसला.

"बँक हिरवी झाली. नाव हिरवं झालं. माझ्याकडून मी अर्ज पुढं पाठवलाय काका, परवाच."

"म्हणजे झालं?"

"नाही. प्राचार्यांच्या लॉगिनला अडकलाय." तो खुर्चीत मागं टेकला. "बाकीच्या पोरींचे अर्ज मागच्या आठवड्यात एकदम मंजूर झाले. तुमचा एकटाच मागून आला. आज बारा वाजायच्या आत मंजूर झाला नाही तर पोर्टल बंद. मग पुढच्या वर्षी नवा अर्ज."

"मग प्राचार्यांना सांगा ना. आत बसलेल्या दिसल्या की."

"त्या प्रभारी आहेत. मंजूर करायचं तर ओटीपी लागतो आणि ओटीपी जातो लोहकरे मॅडमच्या मोबाईलवर. त्या रिटायर झाल्या. पुण्याला असतात लेकाकडं. नंबर बदलून द्या म्हणून आम्ही जिल्ह्याच्या ऑफिसला कधीचं लिहिलंय. ते पत्रही कुठंतरी प्रलंबित असेल."

नागोरावांना हसू आलं नाही. एवढं सगळं करून, राजपत्र, ठसे, खोबरेल, दोन बँका, आणि शेवटी ती पोरगी पुण्यातल्या कुणा म्हाताऱ्या बाईच्या फोनवर अडकली.

शिंगाडेनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला गेला.

"मॅडम, शिंगाडे. नमस्कार. एक ओटीपी पाठवतो, तेवढा सांगा."

पलीकडचा आवाज खिडकीबाहेरही ऐकू येत होता. लोहकरे मॅडम आधी मेट्रन होत्या, मग प्राचार्या झाल्या. आवाज वॉर्डाच्या या टोकाकडून त्या टोकाला पोचवायची त्यांची सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती.

"कुणाचा अर्ज?"

"एक फर्स्ट इयरची आहे मॅडम."

"नाव असेल ना तिला? शिंगाडे, मागं तुम्ही कॉलेज सोडून गेलेल्या मुलीचा अर्ज पुढं पाठवला होता. चौकशीला मला बोलावलं, तुम्हाला नाही. माझ्या नंबरवरून काय मंजूर होतंय ते मला कळलं पाहिजे. तुम्ही सांगू नका. मुलीला द्या फोन."

"मुलगी वॉर्डात ड्युटीवर आहे मॅडम. तिथं फोन चालत नाही."

"हे मला शिकवू नका. घरचं कोण आहे?"

"सासरे आहेत. समोरच उभे आहेत."

"द्या त्यांना."

शिंगाडेनं ओटीपीचं बटण दाबलं आणि फोन जाळीच्या भोकातून बाहेर दिला. "लवकर बोला काका. दहा मिनिटांत मरतो तो नंबर, आणि सर्व्हर कधी जाईल सांगता येत नाही."

नागोरावांनी फोन कानाला लावला.

"नमस्कार ताई."

"नमस्कार. तुमच्या सुनेचं नाव सांगा. पूर्ण."

नागोरावांचा हात आपोआप पिशवीत गेला. पिशवीत सगळे कागद होते, क्रमानं लावलेले. त्यांनी एक बाहेरही काढला. आणि मग त्यांना कळलं की तो कुठंही सरकवता येणार नाही.

"माझी सून आहे ताई. चांगली पोरगी आहे. पहिल्या वर्षाला."

"सगळ्यांच्या सुना चांगल्याच असतात. नाव?"

"केंद्रे. उद्धवराव केंद्रेंची थोरली."

"आडनाव झालं, बाप झाला. पोरीचं नाव सांगा ना. सासऱ्याला सुनेचं नाव माहीत नाही म्हणजे मी काय समजायचं?"

शिंगाडे जाळीतून बघत होता. त्याच्या मागं भिंतीवरचं घड्याळ चाललं होतं. नागोरावांनी बाकाकडं पाहिलं. बायको मोठ्या झालेल्या बाहुल्यांनी त्यांच्याच दिशेनं बघत होती. तिला ते दिसत नसणार, फार तर एक पांढरा ठिपका दिसत असेल. पण कान तिचे चांगले होते.

त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटते याचीही लाज वाटली. याच एका नावापायी त्यांनी लेकाच्या बायकोचं नाव पुसलं होतं, आणि त्या पुसण्यापायी पोरीचं वर्ष आज बुडायच्या बेतात होतं. पोर्टलनं नाही, बँकेनं नाही. त्यांच्या स्वतःच्या जिभेनं हे सगळं सुरू केलं होतं.

"कांचन," ते म्हणाले.

"ऐकू आलं नाही. मोठ्यानं! हजेरीला सांगतात तसं."

"कांचन!" नागोराव ओरडले. डेपोत गाडीखालच्या खड्ड्यातून हाक मारायचे तसा आवाज लागला. "कांचन उद्धव केंद्रे!"

व्हरांड्यात दोन पोरी थबकल्या. बाकावर पदराची सळसळ झाली.

"हं," पलीकडून आवाज आला. तो थोडा मऊ झाला होता. "वॉर्डात उभं राहायला जमतं का तिला?"

"जमतं ताई. घरीपण उभीच असते."

"शिकू द्या तिला. लिहून घ्या नंबर." त्यांनी एकेक आकडा सुटा सुटा सांगितला. नागोरावांनी तो मोठ्यानं म्हटला, शिंगाडेनं टाकला. चक्र फिरलं. बराच वेळ फिरलं. मग थांबलं.

"मंजूर," शिंगाडे म्हणाला. त्यानं स्क्रीन वळवून दाखवली. "आता बघा, जिल्हा स्तरावर प्रलंबित."

"म्हणजे अजून आहेच?"

"अजून आहेच काका. पण ते त्यांचं. आपल्याकडचं संपलं. कॉलेज आता फी मागत नाही, परीक्षेचा फॉर्म भरून घेतं. पोरीला सांगा, निवांत अभ्यास कर."

नागोरावांनी फोन परत दिला. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण तो थकव्याच्या खाली कुठंतरी दबला होता. त्यांनी कागद पुन्हा क्रमानं पिशवीत घातले, बायकोचा हात धरला आणि दोघं स्टँडकडं निघाली.

रसवंतीपाशी आल्यावर बायको म्हणाली, "झालं का काम?"

"झालं."

"बरं झालं. पोरीचं भलं झालं." मग चार पावलं गेल्यावर म्हणाली, "लई गोड आवाज आहे तुमचा. मला आज कळलं."

"गप गं."

"गपच आहे मी. एवढ्या वर्षांत एकदा नाव निघालं तोंडातून, तेही सुनेचं."

ती हसत म्हणाली, पण तिचं हसणं शेवटपर्यंत टिकलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं. थेंबांचं असेल. तिनं पदरानं टिपलं. तिचा हात धरून नागोरावांनी तिला स्टँडात नेलं.

स्टँडवर त्यांची गाडी लागली आणि एकच झुंबड उडाली. बाजाराचा दिवस होता. नागोराव जन्मभराचे एसटीचे, त्यांनी बाहेरून खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि पुढच्या दारानं आत घुसले. दोन माणसांची जागा अंग पसरून अडवून बसले आणि मागं पाहतात तर बायको नाही. ती दारात अडकली होती. गाठोडी, कोंबडीची पाटी, पोरं, म्हातारे, आणि त्यात तिला दिसत नव्हतं. ती एका हातानं दांडी धरून भलत्याच बाजूला तोंड करून उभी होती.

"अगं ए!" नागोरावांनी हाक मारली.

सात-आठ बायांनी वळून पाहिलं. तिनं नाही पाहिलं.

"बालाजीची आई!"

दारातल्या गोंगाटात ती हाक कुठल्या कुठं गेली. एक बाप्या रुमाल उचलून म्हणाला, "इथं कुणी आहे का हो? का नुसतीच अडवून ठेवलीय?"

"आहे," नागोराव म्हणाले. ते उठून उभे राहिले. गाडीत गावचे ओळखीचे चेहरे होते, त्यातला एक तर सख्ख्या चुलतभावाचा.

"कांचन!" त्यांनी हाक मारली. "कांचन, इकडं ये! इकडं जागा धरलीय!"

चुलतभाऊ तोंड उघडं टाकून बघत राहिला. दारातल्या बाईची मान मात्र आवाजाच्या दिशेनं बरोबर वळली, आणि ती गाठोडी ओलांडत, माणसांना बाजूला सारत, धुरकट डोळ्यांनी सरळ त्यांच्यापाशी आली.